बारा ओळींची जाहिरात लिहायला लागलेले साडेतीन महिने

नागपूरच्या महाल भागातलं आमचं औषधांचं दुकान बाबांनी काढलेलं. मी तिथेच लहानाची मोठी झाले, डी.फार्म. करून तिथेच बसले. दुसरं दुकान काढायचं हे पाच वर्षं नुसतं बोलणं चाललं होतं. मागच्या वर्षी नरेंद्रनगरात जागा मिळाली आणि ते खरं झालं. दुकान उघडतानाचे बरेचसे हेलपाटे कोणत्याही दुकानदाराच्या नशिबी असतातच, ते थोडक्यात सांगते. मला जास्त सांगायचंय ते उद्घाटनाच्या मजकुराबद्दल. तो एका संध्याकाळी लिहून होईल असं वाटलं होतं. प्रत्यक्षात त्याचे सहा खर्डे झाले आणि दरवेळी एखादी ओळ खोडताना दुकानातलंच काहीतरी बदलावं लागलं.

पहिला खर्डा माझ्या भाच्याचा. ९ जानेवारी २०२५ ला भाडेकरार झाला (दीड लाख डिपॉझिट, महिना बावीस हजार) आणि त्याच रात्री त्याने फोनवर रंगीत चित्र बनवून घरच्या ग्रुपवर टाकलं. "भव्य शुभारंभ, गुढीपाडवा! शुगर-बीपीवर खात्रीशीर औषधं! आता २४ तास तुमच्या दारात!!" खाली मोटरसायकलवर उडणारा माणूस.

बाबांनी चष्मा लावून वाचलं. म्हणाले, "पोरी, चोवीस तास बसन कोण?"

प्रश्न साधा होता, पण अख्खं गणित त्यात आलं. दुसऱ्या दुकानाला पहिल्या दुकानाचा परवाना चालत नाही. जागा वेगळी की अर्ज वेगळा आणि परवाना वेगळा. परवान्यासोबत नोंदणीकृत फार्मासिस्टही वेगळा लागतो, एकच माणूस दोन ठिकाणी दाखवता येत नाही. चिठ्ठीवरचं औषध फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच दिलं पाहिजे. म्हणजे दुकान किती तास उघडं ठेवायचं हे फार्मासिस्ट किती तास बसतो यावर ठरतं. महालात बाबा, नरेंद्रनगरात मी आणि पगारावर ठेवलेली एक नवी फार्मासिस्ट. आम्ही दोघी आलटून पालटून बसलो तर सकाळी नऊ ते रात्री साडेनऊ ताणता येतं. त्यापुढे नाही. "२४ तास" तिथेच खोडलं.

"खात्रीशीर" हा शब्दही बाबांनीच काढला. १९५४ सालचा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आहे, त्यात काही आजारांची यादी आहे. त्या आजारांवर औषध असल्याचा दावा जाहिरातीत करता येत नाही. मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही त्या यादीत आहेत. आपण काय गुण येण्याची खात्री देतोय का, असं भाचा म्हणाला. पण वाचणाऱ्याला तसंच वाटणार ना! म्हणून आजाराचं नावच नको, असं ठरलं.

२७ जानेवारीला अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज भरला. फॉर्म १९ हा अर्ज. किरकोळ विक्रीचे परवाने दोन मिळतात, फॉर्म २० आणि फॉर्म २१. इन्सुलिन, लसी यांसारखी औषधं फॉर्म २१ मध्ये येतात. दोन्हीची फी प्रत्येकी दीड हजार, म्हणजे तीन हजार रुपये. सोबत भाडेकरार, जागेचा नकाशा, फार्मासिस्टचं नोंदणीपत्र, तिचं नेमणूक पत्र आणि फ्रिजचं बिल. एक छोटी गोष्ट सांगते: भाडेकरारात, नकाशात आणि वीजबिलात दुकान क्रमांक एकसारखाच लिहिलेला आहे ना, हे आधी तपासा. माझ्या करारात "दुकान क्र. ३" आणि वीजबिलात "गाळा ३ अ" होतं. मालकाकडून एका कागदावर खुलासा लिहून घ्यायला चार दिवस गेले.

२० फेब्रुवारीला औषध निरीक्षक जागा पाहायला आले. मी निर्धास्त होते. गाळा नऊ फूट रुंद, चौदा फूट खोल, म्हणजे एकशे सव्वीस चौरस फूट. किरकोळ दुकानाला दहा चौरस मीटर लागतात, ते साधारण एकशे आठ चौरस फूट होतात. पण त्याआधीच्या आठवड्यात मी सुताराकडून मागे प्लायवुडची भिंत घालून घेतली होती. घरपोचच्या पिशव्या बांधायला तीन फुटांची खोली. निरीक्षकांनी टेप लावला आणि सांगितलं, "मॅडम, दुकान अकरा फूट खोल आहे. नऊ गुणिले अकरा." नव्व्याण्णव. म्हणजे नऊ चौरस मीटरच्या थोडं वर. चूक शंभर टक्के माझी. भिंत काढा, नवा नकाशा द्या, मग पुढे.

भिंतीला अठरा हजार घातले होते. ती काढताना सुतार माझ्याकडे पाहत नव्हता, मी त्याच्याकडे पाहत नव्हते. निघालेल्या प्लायचा त्याने सहा फुटांचा बाक करून दिला, वेगळे पैसे न घेता. तो बाक आज दुकानात डाव्या भिंतीला आहे आणि जाहिरातीतली "बसायला बाक आहे" ही ओळ त्या फसलेल्या भिंतीतून आलेली आहे.

नवा नकाशा ३ मार्चला दिला. पाडवा ३० मार्चला. मी रोज मोबाईल उघडून अर्जाची स्थिती पाहायची. पाडवा हुकणार हे पंधरा तारखेच्या सुमारास कळून चुकलं. पण भाच्याचं ते उडणाऱ्या माणसाचं चित्र घरच्या ग्रुपवरून मावशीच्या भिशीच्या ग्रुपवर आणि तिथून कुठेकुठे गेलं होतं. पाडव्याला सकाळी मी गुढी उभारायला दुकानासमोर गेले, तर तीन जण बंद शटरपुढे उभे. एक आजोबा तर थैलीत जुनी पट्टी घेऊन आले होते. त्यांना तोंड दाखवताना जी लाज वाटली, ती अजून आठवते. परवाना हातात पडेपर्यंत तारीख कुठेच लिहू नका, घरच्या ग्रुपवरसुद्धा नाही.

परवाना ११ एप्रिलला आला. तोवर मालही घेता येत नाही, कारण परवान्याच्या नंबराशिवाय ठोक विक्रेता बिलच फाडत नाही. त्या संध्याकाळी गंजीपेठेतल्या दवाबाजारात गेले, बाबांच्या ओळखीच्या पाच ठोकवाल्यांकडे खाती उघडली. उघडायची तारीख आम्ही ३० एप्रिल ठरवली, अक्षय्य तृतीया. जीएसटी नोंदणीत दुसरी जागा जोडणं, गुमास्त्याची सूचना, पाटी, एसी हे सगळं त्या एकोणीस दिवसांत आटपलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं आहे ते घरपोचच्या वेळांचं.

आमच्या भागात म्हातारी माणसं खूप. मुलं पुण्याला, बंगलोरला, बाहेरदेशी. महालातल्या दुकानातूनही आम्ही ओळखीच्यांना औषध पोचवायचो, पण त्याला वेळ वगैरे नव्हती, पोरगा मोकळा झाला की जायचा. इथे वेळ जाहीर करायची होती, म्हणजे ती पाळावी लागणार. डिलिव्हरीला ठेवलेला पोरगा आणि भाचा यांना मी १४ एप्रिलपासून चार दिवस नुसतं फिरवलं. ओळखीच्या दहा घरी पिशवी पोचवायची आणि वहीत वेळ लिहायची.

मला वाटलं होतं रस्त्यात वेळ जाईल. दुकानापासून तीन किलोमीटरच्या आतलं कोणतंही घर सात-आठ मिनिटांच्या पलीकडे नव्हतं. वेळ जात होता दारात. बेल वाजल्यावर काठी शोधणं, चप्पल घालणं, दार उघडण्याआधी खिडकीतून "कोण आहे?" विचारणं, मग चष्मा, मग पाकीट, मग सुट्टे. वहीतला एक मजकूर जसाच्या तसा देते: "बेल ५:४२. दार ५:४७. आजी पैसे मोजतात ५:५२. पाणी प्या म्हणाल्या. निघालो ५:५८." तासाला सहा घरं होतील असं मी धरलं होतं, ती तीनच झाली. घाई करायला सांगायचं तर ती आजी पुन्हा बोलवणार नाही, आणि घाईत पैसे मोजताना त्यांचीच चूक होणार.

म्हणून तीन तासांच्या फेरीत नऊ घरं, फार तर दहा. त्यावरून वेळा ठरल्या: सकाळी दहा ते साडेबारा, संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ. दहाच्या आधी कोणाची आंघोळ, कोणाची पूजा. दुपारी नागपूरचं ऊन काय असतं ते वेगळं सांगायला नको. उन्हापेक्षाही मोठं कारण असं की एक ते चार या वेळात आमची ही मंडळी झोपतात, आणि झोपेतून उठून अनोळखी माणसाला दार उघडायचं नाही असं मुलांनी बजावून ठेवलेलं असतं.

इन्सुलिनचा किस्सा त्याच चार दिवसांतला. ते दोन ते आठ अंशांत ठेवायचं असतं, म्हणून मी थर्माकोलचा डबा घेतला आणि गारठवलेल्या जेलच्या तीन पिशव्या त्यात घातल्या. जास्त थंड म्हणजे जास्त चांगलं, असा माझा हिशेब. आत छोटा थर्मामीटर ठेवून डबा फेरीला पाठवला. परत आला तेव्हा काटा एक अंशावर, आणि इन्सुलिनच्या जागी ठेवलेली पाण्याची कुपी जेलला टेकलेल्या बाजूने गोठलेली. इन्सुलिन एकदा गोठलं की वितळल्यावरही वापरायचं नसतं, आणि वरून पाहून ते नेहमी ओळखूही येत नाही. आता एकच जेल पिशवी, तीही जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळलेली, आणि औषध वेगळ्या डबीत. साडेपाचच्या फेरीत सहा-सात अंश राहतात. फेरीत पहिलं घर इन्सुलिनवाल्याचं, हाही नियम.

काय पोचवायचं नाही, हेही ठरवावं लागलं. कोरोनाच्या सुरवातीला, २६ मार्च २०२० ला, केंद्र सरकारने घरपोच औषधांसाठी अधिसूचना काढली होती. परवानाधारक दुकानदाराने चिठ्ठीवरचं औषध त्याच महसुली जिल्ह्यात पोचवावं, जुनाट आजाराची चिठ्ठी तीस दिवसांच्या आतली असावी, तात्पुरत्या आजाराची सात दिवसांच्या आतली. अमली पदार्थांच्या यादीतली आणि एच१ व एक्स अनुसूचीतली औषधं त्यातून वगळलेली होती. आम्ही आमच्यापुरती तीच चौकट धरली. एच१ म्हणजे बरीचशी तगडी प्रतिजैविकं, टीबीची औषधं आणि म्हाताऱ्यांच्या घरात सर्रास सापडणाऱ्या झोपेच्या गोळ्या. यांची वेगळी वही असते: डॉक्टर, रुग्ण, औषध, किती दिलं. ती तीन वर्षं जपावी लागते. पोऱ्याच्या पिशवीतून जाणाऱ्या झोपेच्या गोळ्या कोणाच्या हातात पडतात हे मी दुकानात बसून पाहू शकत नाही. म्हणून ती फक्त दुकानातून, चिठ्ठी दाखवून.

चिठ्ठीचंही असंच. मोबाईलवर फोटो पाठवा असं लिहिणं सोपं, पण तिसऱ्यांदा हललेला फोटो आला की कळतं. शिवाय औषध दिल्यावर चिठ्ठीवर दुकानाचं नाव, पत्ता आणि तारीख घालायची असते. फोटोवर शिक्का कसा मारणार? म्हणून पहिल्यांदा मागवताना पोरगा जाऊन मूळ चिठ्ठी घेऊन येतो, आम्ही पाहतो, शिक्का मारतो आणि औषधासोबत ती परत जाते. दोन फेऱ्या पडतात खऱ्या. घरपोचचे आम्ही वीस रुपये घेतो, पाचशेच्या वरच्या बिलाला काही नाही. त्या दुसऱ्या फेरीचे वेगळे मागायला जीभ रेटली नाही.

आता मजकूर. पाचवा खर्डा माझ्या मते उत्तम झाला होता:

"नरेंद्रनगर येथे आमच्या नूतन शाखेचा शुभारंभ. घरपोच सेवा: स. १० ते १२:३०, सायं. ५:३० ते ८:३०. ज्येष्ठ नागरिकांसाठी विशेष सुविधा उपलब्ध."

नेटका, छोटा. मी त्याच्या प्रती काढल्या आणि २० एप्रिलच्या रविवारी सकाळी जवळच्या बागेत फिरायला येणाऱ्या पाच ज्येष्ठांना वाचायला दिल्या. "कसं वाटलं?" असं विचारलं असतं तर सगळ्यांनी "छान" म्हटलं असतं. म्हणून मी प्रत्येकाला एकच विचारलं: समजा आज संध्याकाळी सात वाजता तुमची गोळी संपल्याचं लक्षात आलं, तर हे वाचून तुम्ही काय कराल?

पहिल्या आजी लगेच म्हणाल्या, "काय करीन? फोन करीन. साडेआठपर्यंत आणून देता ना तुम्ही!"

मी म्हटलं, "आजी, सातला सांगितलं तर त्या दिवशी नाही जमणार, फेरी निघून गेलेली असते."

"मंग साडेआठ कायले लिवलं?"

बरोबरच होतं त्यांचं. पाचातल्या चौघांनी तेच केलं असतं. आम्ही औषध पोचवायची वेळ लिहिली होती, त्यांनी ती सांगायची वेळ म्हणून वाचली. औषध पोचायला निघण्याआधी पट्ट्या काढणं, बिल, तपासणी, पिशवीवर चिकटपट्टी यात तास-दीड तास जातो, हे वाचणाऱ्याला कसं ठाऊक असणार? शिवाय तो रविवार होता, आणि रविवारी घरपोच बंद हे आम्ही लिहिलंच नव्हतं.

दुसऱ्या काकांनी "शाखा" या शब्दावर बोट ठेवलं. आमच्या नागपुरात शाखा म्हटलं की एक तर बँकेची आठवते नाही तर सकाळी मैदानावरची. "औषधाची कुठली शाखा?" म्हणाले आणि हसले. तिसऱ्यांना "स." आणि "सायं." यांतला फरक चष्म्याशिवाय दिसला नाही. चौथ्या काकूंनी विचारलं, विशेष सुविधा म्हणजे काय, डिस्काउंट का? आणि पाचवे आजोबा, तेच पाडव्याला थैली घेऊन आलेले, म्हणाले, "तुमच्या पोराले ओटीपी तं नाही ना सांगा लागत? माझ्या साळ्याचे पैसे गेले तसे." त्यांच्या डोक्यात सगळ्यात आधी तेच आलं होतं. आमच्या पाचही खर्ड्यांत त्याचा उल्लेख नव्हता.

"विशेष सुविधा" हा शब्द काढायचा तर त्याच्या जागी खरी गोष्ट लिहावी लागणार. ती आहे का, हे त्याच दुपारी दुकानात उभं राहून पाहिलं. ओटा आठ इंच उंच. गवंड्याने पुढे तीन फुटांचा उतार आधीच करून ठेवला होता, साडेचार हजारांत. त्यावर बाबांना वॉकर घेऊन चढवून पाहिलं (त्यांना वॉकर लागत नाही, हौसेने चढले), तर वॉकर मागे येत होता. एका इंच उंचीला बारा इंच लांबी, हे उताराचं माप मला नंतर एका इंजिनिअर ग्राहकाने सांगितलं. म्हणजे आठ इंचाला आठ फूट. समोर काढला तर तो रस्त्यावर जाणार. शेवटी ओट्याच्याच लांबीत आडवा काढला, बाजूला लोखंडी कठडा आणि वर खडबडीत फरशी. अकरा हजार लागले, जुना उतार फोडायचे वेगळे. आधी माप विचारलं असतं तर साडेचार हजार वाचले असते.

आणखी एक सवय बदलली. सुट्या गोळ्या देताना पट्टी कुठल्या टोकाने कापायची याकडे फारसं कोणी लक्ष देत नाही. नाव, बॅच आणि मुदत छापलेलं टोक आधी गेलं की उरलेल्या गोळ्या निनावी होतात, आणि म्हाताऱ्यांच्या डब्यात अशा निनावी तुकड्यांचा ढीग असतो. आता आम्ही छापील टोक शेवटपर्यंत राखतो, आणि जो तुकडा देतो तो छोट्या कागदी पाकिटात घालून वर नाव, ताकद, मुदत लिहितो. त्याखाली मार्करने "सकाळी १, जेवणानंतर" अशी ओळ. दिवसाला पंधरा-वीस मिनिटं जास्त जातात.

सहावा खर्डा लांब झाला. भाचा म्हणाला, एवढं कोण वाचतं? पण मी पुन्हा त्याच पाच जणांना तो दिला, तोच सातचा प्रश्न विचारला आणि पाचही जणांनी बरोबर उत्तर दिलं. पांढऱ्या कागदावर काळी अक्षरं, चित्र नाही. हा तो:

"नरेंद्रनगरात आमचं दुसरं औषधांचं दुकान ३० एप्रिलपासून सुरू.
दुकानाची वेळ: सोमवार ते शनिवार सकाळी ९ ते रात्री साडेनऊ. रविवारी सकाळी ९ ते दुपारी २.
घरपोच औषध हवं असेल तर फोन करा.
दुपारी ४ वाजायच्या आत फोन केला, तर औषध त्याच दिवशी संध्याकाळी साडेपाच ते साडेआठच्या मध्ये येईल.
चारनंतर फोन केला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी दहा ते साडेबाराच्या मध्ये येईल. शनिवारी चारनंतर केला, तर सोमवारी सकाळी.
रविवारी घरपोच बंद.
आमचा माणूस निघताना फोन करतो. बेल वाजवून थांबतो, घाई करू नका. तो ओटीपी कधीही मागत नाही. पैसे रोख दिले तरी चालतात, सुट्टे त्याच्याकडे असतात.
डॉक्टरांची चिठ्ठी लागेल. पहिल्या वेळी ती आम्ही येऊन नेऊ आणि औषधासोबत परत देऊ.
झोपेच्या गोळ्या व काही औषधं घरपोच देता येत नाहीत. कोणती, ते फोनवर विचारा.
औषध कधी घ्यायचं ते मोठ्या अक्षरांत लिहून देतो.
दुकानात पायरी नाही, कठड्यासह उतार आहे. बसायला बाक आहे.
दुपारी १ ते ४ आम्ही तुमची बेल वाजवणार नाही."

शेवटची ओळ आईची. ती म्हणाली, बाकी सगळं राहू दे, एवढं वाचून लोक तुम्हाला फोन करतील.

चित्र आणि मजकूर दोन्ही पाठवणाऱ्यांसाठी एक सूचना: फोन नंबर चित्रात टाकून थांबू नका. तो खाली संदेशात वेगळ्या ओळीवर टाईप करा, म्हणजे बोट ठेवलं की लागतो. आम्ही पहिल्या दिवशी फक्त चित्र पाठवलं होतं. एका काकूंनी नंबर कागदावर उतरवून घेतला, शेवटचे दोन आकडे उलटे झाले आणि दुपारभर त्या एका पंक्चरवाल्याला थायरॉईडची गोळी मागत होत्या. तो बिचारा शेवटी स्वतःच दुकान शोधत सांगायला आला.

३० एप्रिलला उघडलं. पहिल्या दिवशी एक्केचाळीस फोन आले, त्यात औषध मागवणारे अकरा. बाकीचे ओटीपीची खात्री करून घेणारे, उताराला कठडा कुठल्या बाजूला आहे विचारणारे, आणि एक काका झोपेच्या गोळीवरून रागावलेले. ते दुसऱ्या दिवशी चिठ्ठी घेऊन स्वतः आले, उतारावरून चढले, बाकावर बसले, वहीत नाव लिहून घेतलं आणि जाताना म्हणाले, चालणं तरी झालं. अजून दर महिन्याला येतात, अजून तेवढंच कुरकुरतात.

मे महिन्यात एकदा चांगलंच अडलो. एका आजींनी दारातूनच औषध परत पाठवलं, "ही माझी गोळी नाही" म्हणून. गोळी तीच, कंपनी तीच, फक्त कंपनीने पट्टीचा रंग हिरव्याचा निळा केला होता. पोरगा समजावत बसला आणि आजींचा संशय वाढत गेला. त्यांचं चुकलं नव्हतं, अनोळखी पट्टी नाकारणं हेच शहाणपणाचं. आता पट्टी बदललेली दिसली की पिशवी निघायच्या आधी आमच्यापैकी एक फार्मासिस्ट स्वतः फोन करते आणि पोऱ्यासोबत जुनी रिकामी पट्टी पाठवते, ताडून पाहायला. आणि तोच ब्रँड मिळत नसेल तर दुसरा आमच्या मनाने देता येत नाही, मग त्यात औषध तेच का असेना. डॉक्टरांना विचारावं लागतं. त्यात एखादा दिवस जातो, म्हणून आम्ही "गोळ्या संपायच्या पाच दिवस आधी फोन करा" अशी चिठ्ठी प्रत्येक पिशवीत घालतो.

पाऊस सुरू झाला आणि जाहिरातीत आणखी एक ओळ आली. नरेंद्रनगरच्या रेल्वेपुलाखाली पाणी साचतं हे साऱ्या नागपूरला माहीत आहे, मला सुद्धा, तरी लिहिताना सुचलं नव्हतं. पहिल्याच मोठ्या पावसात पोरगा पुलाच्या अलीकडे दीड तास अडकला आणि पलीकडची चार घरं साडेनऊपर्यंत वाट पाहत बसली. दुसऱ्या दिवशी मी दारावरच्या कागदावर पेनने लिहिलं: "पुलाखाली पाणी असेल तर पलीकडच्या घरांचं औषध दुसऱ्या दिवशी सकाळी. तसं आम्ही फोन करून कळवू."

तेव्हापासून मोठा पाऊस आला की दुकानाचा फोन वाजतो. औषध नको असतं कोणाला. "पोरी, पुलाखालून गाडी जाते का आता?" एवढंच विचारतात. पोरगा दारात उभा राहून आलेल्या-गेलेल्यांना विचारतो आणि आम्ही सांगतो.